माजरीचा अलार्म वरोऱ्यावर लावा: फोनला ‘पोहोचलो’ हे कळतं कसं?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय फोनच्या ऑटोमेशनचा आहे. सकाळी ठरलेल्या वेळी फोनने आपोआप काहीतरी करायचं, किंवा ऑफिसला पोहोचलो की आपोआप व्हायब्रेटवर जायचं. यातलं ‘वेळेवर’ वालं ऑटोमेशन बहुतेकांचं नीट चालतं. तक्रारी येतात त्या ‘जागेवर’ वाल्याच्या. कोणाचं चालतच नाही, कोणाचं दहा मिनिटांनी चालतं, कोणाचं घरी बसल्या बसल्या चालतं. मग माणूस वैतागून सगळंच बंद करून टाकतो.

म्हणून आज एकच प्रश्न घेऊ. आपण पोहोचलो, हे फोनला कळतं तरी कसं? हे एकदा समजलं की काय लावायचं, कुठे लावायचं आणि कशावर विसंबायचं नाही, हे आपलं आपल्यालाच सुचतं.

घड्याळ फुकट, जागा महाग

फोनमध्ये एक छोटं घड्याळ असतं. स्क्रीन बंद असो, फोन झोपलेला असो, ते चालूच असतं. त्याला ‘साडेसहाला उठव’ असं सांगून ठेवलं की ते साडेसहाला फोनला टपली मारतं. त्याला जवळपास काहीच बॅटरी लागत नाही. वेळेचं ऑटोमेशन भरवशाचं आहे ते त्यामुळे.

जागेचं तसं नाही. मी कुठे आहे हे शोधायला फोनला दरवेळी काम करावं लागतं. सगळ्यात अचूक म्हणजे जीपीएस, पण ते सतत चालू ठेवलं तर संध्याकाळपर्यंत बॅटरी उरणार नाही. म्हणून फोन आधी स्वस्तातल्या गोष्टी बघतो. आपण हलतोय का? कोणत्या टॉवरला जोडलोय? आजूबाजूला कोणाकोणाचं वायफाय दिसतंय? यावरून तो अंदाज बांधतो आणि गरज वाटली तरच जास्त मेहनत घेतो.

तुम्ही नकाशावर ऑफिसभोवती एक वर्तुळ काढता, त्याला तांत्रिक भाषेत जिओफेन्स म्हणतात. आपल्याला वाटतं की वर्तुळाच्या रेषेवर पाय पडला की लगेच घंटा वाजते. तसं नसतं. फोन अधूनमधून डोकावतो आणि स्वतःला विचारतो, ‘आता मी आत आहे का?’ अँड्रॉइडच्या अधिकृत माहितीत याचे आकडे दिलेत. पार्श्वभूमीत चालणाऱ्या अॅपला ही खबर सरासरी २ ते ३ मिनिटं उशिरा मिळते, आणि फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर ६ मिनिटांपर्यंत उशीर होऊ शकतो. आयफोनही वेगळा नाही. वर्तुळ ओलांडून थोडं पुढे गेल्यावर आणि निदान २० सेकंद तिकडेच राहिल्यावर तो ‘हो, ओलांडलं’ असं मानतो.

हा उशीर म्हणजे बिघाड नाही. बॅटरी वाचवायची किंमत आहे ती.

पुण्यात चालतं, माजरीत का अडखळतं?

दुसरी गोष्ट अचूकपणाची. आजूबाजूला भरपूर वायफाय असेल तर फोनचा अंदाज साधारण २० ते ५० मीटरपर्यंत बरोबर येतो. पुण्यात किंवा नागपुरात एखाद्या इमारतीत उभं राहिलं की पंधरा-वीस राउटर दिसतात, म्हणून तिथे काम सोपं. पण वायफाय नसलेल्या भागात हाच अंदाज काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत चुकू शकतो. हेही अँड्रॉइडच्याच माहितीत लिहिलंय.

आता आपल्या माजरीकडे या. एकीकडे कोळशाच्या खाणी, एकीकडे रेल्वेचं जंक्शन, मध्ये वस्ती, शेतं आणि पलीकडे वर्धा नदी. कॉलनीत थोडेफार राउटर दिसतील, पण खाणीच्या रस्त्याला लागलं की फोनच्या हातात टॉवरशिवाय फारसं काही उरत नाही. टॉवरही कोणता पकडेल याचा नेम नाही. कधी गावातला, तर कधी नदीपलीकडच्या वणीच्या बाजूचा. फोनच्या लेखी तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या एका तालुक्यातून दुसऱ्यात उडी मारलेली असते. घरी असताना ऑफिसचं ऑटोमेशन का चाललं, याचं उत्तर बहुतेक वेळा या उडीत असतं.

आणखी एक खुबी. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण टॉवर आणि वायफायवरून जागा शोधायला बऱ्याचदा लागतं, कारण ‘हा टॉवर कुठे आहे’ याची यादी फोनला बाहेरून मागवावी लागते. त्यामुळे डेटा बंद ठेवला तर हा अंदाज आणखी कच्चा होतो.

एक खरं उदाहरण: भद्रावती ते माजरी

माझा मावसभाऊ भद्रावतीला राहतो आणि माजरीतल्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात कामाला आहे. रोज गाडीने ये-जा. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. म्हणाला, “दादा, म्या त्यात ऑफिस टाकलं, पण फोन काही व्हायब्रेटवर जातच नाही. कधी गेला तं जेवणाच्या सुट्टीत जाते. काहून होते असं?”

मी विचारलं, “वर्तुळ केवढं ठेवलंस?”

“शंभर मीटर. नेमकं पाहिजे ना!”

घोळ इथेच आहे. वर्तुळ लहान म्हणजे अचूक, असं आपल्याला वाटतं. पण फोनचा अंदाज चारशे मीटरने चुकत असेल, तर शंभर मीटरच्या वर्तुळात आपण आहोत हे त्याला खात्रीने म्हणताच येत नाही. मग दुपारी कधीतरी जीपीएसचा नीट सिग्नल मिळतो, त्याला खात्री पटते आणि फोन तेव्हा व्हायब्रेटवर जातो. शहरासाठीसुद्धा अँड्रॉइडवाले किमान १०० ते १५० मीटर सांगतात. आपल्या भागात ५०० मीटरच्या खाली जाऊच नका.

पण ५०० मीटर म्हटलं की दुसरी अडचण उभी राहते. त्या वर्तुळात रस्ता आला, चहाची टपरी आली, कोणाचं तरी घर आलं. रविवारी पाहुण्यांकडे माजरीला गेलो तरी फोन म्हणणार, ‘ऑफिस आलं’. म्हणून जागेला एकटं सोडायचं नाही, तिच्या जोडीला वेळ द्यायची. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते अकरा, आणि त्यातच वर्तुळात आलो तर. दोन्ही जुळलं तरच काम करायचं.

मावसभावाच्या बाबतीत तर त्याहून सोपी वाट निघाली. त्याच्या ऑफिसात राउटर आहे आणि त्याचा फोन त्याला आपोआप जोडला जातो. मग वर्तुळ हवंच कशाला? राउटरचा सिग्नल जेमतेम काही दहा मीटर जातो. त्याला जोडलो याचा अर्थ ऑफिसात आलो, याहून पक्का पुरावा नाही. आता त्याचं ऑटोमेशन असं आहे:

```
IF    Wi-Fi connected: OFFICE_WIFI
AND   Mon-Sat, 09:00-11:00
THEN  Vibrate
```

यातल्या `OFFICE_WIFI` च्या जागी तुमच्या ऑफिसच्या वायफायचं नाव टाका. अँड्रॉइडवर MacroDroid मध्ये हे तीन भाग ‘Triggers’, ‘Constraints’ आणि ‘Actions’ या नावांनी दिसतील. कशामुळे सुरू व्हायचं, कोणत्या अटीवर, आणि काय करायचं. सॅमसंगवाल्यांना वेगळं अॅप लागत नाही. सेटिंग्जमध्ये ‘Modes and Routines’ आहे, त्यात ‘If’ आणि ‘Then’ भरायचं. आयफोनमध्ये ‘Shortcuts’ अॅपमधल्या ‘Automation’ मध्ये जा. ‘Arrive’ निवडलं तर तिथेच वेळेची मर्यादाही टाकता येते. शेवटी ‘Run Immediately’ निवडायला विसरू नका, नाहीतर फोन दरवेळी ‘चालवू का?’ असं विचारत बसेल.

ऑफिसात वायफाय नसेल तर कमीत कमी ५०० मीटरचं वर्तुळ अधिक वेळ, हेच धरून चाला.

परवानगीचं कुलूप

वर्तुळ बरोबर आहे, वेळ बरोबर आहे, तरी काहीच होत नसेल, तर नव्वद टक्के घोळ परवानगीत असतो असं माझं निरीक्षण आहे. अँड्रॉइडवर तीन ठिकाणं तपासा.

पहिलं, लोकेशनची परवानगी. अॅप विचारतं तेव्हा आपण ‘While using the app’ दाबून मोकळे होतो. पण ऑफिसला पोहोचताना ते अॅप उघडं थोडंच असतं? फोन खिशात असतो. त्यामुळे त्या अॅपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘Allow all the time’ निवडावं लागतं. अँड्रॉइड ११ पासून हा पर्याय समोर येणाऱ्या चौकटीत मिळत नाही, सेटिंग्जमध्ये जाऊनच द्यावा लागतो. आणि गंमत म्हणजे वायफायच्या नावावर चालणाऱ्या ऑटोमेशनलाही लोकेशन लागतं. कोणत्या वायफायला जोडलोय यावरून जागा कळू शकते, म्हणून लोकेशन बंद असेल तर अँड्रॉइड अॅपला वायफायचं नावच सांगत नाही.

दुसरं, बॅटरी. अँड्रॉइड ६ पासून फोन बराच वेळ पडून राहिला की अॅप्सना झोपवतो. त्यात काही कंपन्या स्वतःचे आणखी कडक नियम लावतात. म्हणून त्या अॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘Unrestricted’ निवडा, आणि फोनमध्ये ‘Autostart’ नावाचं बटण असेल तर तेही चालू करा. ‘रॅम साफ’ करायला सगळी अॅप्स सरकवून बंद करायची सवय असेल, तर काही फोनवर त्याबरोबर ऑटोमेशनही मरतं.

तिसरं, आवाजाची परवानगी. फोनला पूर्ण शांत किंवा ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाकायला वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर ऑटोमेशन चालतं, पण फोन वाजतच राहतो.

नेमकं कुठे अडलंय हे कसं ओळखायचं? प्रत्येक ऑटोमेशनची पहिली कृती म्हणून एक साधं नोटिफिकेशन टाका: ‘ऑफिस सुरू’. आता नोटिफिकेशनच आलं नाही तर घोळ जागेत, अटीत किंवा बॅटरीत आहे. नोटिफिकेशन आलं, पण फोन शांत झाला नाही, तर घोळ तिसऱ्या परवानगीत. आणि नोटिफिकेशन उशिरा आलं तर त्यावरची वेळ बघा, किती मिनिटांचा उशीर ते तिथेच कळेल. MacroDroid मध्ये ‘System Log’ सुद्धा आहे. काय कधी चाललं, त्याची ओळीने नोंद मिळते.

बंद कोण करणार?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. फोन शांत करणं सोपं आहे. तो परत वाजता करायचं काम कोणाचं?

बहुतेक जण दुसरं ऑटोमेशन लावतात: ‘ऑफिस सोडलं की आवाज चालू’. ऐकायला बरोबर वाटतं. पण एक दिवस असा येतो की चार वाजता फोनची बॅटरी संपते. तुम्ही तसेच घरी येता, चार्जिंगला लावता, फोन चालू होतो. तो ऑफिसमध्ये बंद झाला आणि घरी चालू झाला. मधला रस्ता त्याने पाहिलाच नाही. आता त्याला ‘सोडलं’ हे कळेल का? काही अॅप्सना कळेल, काहींना नाही. नाही कळलं तर फोन रात्रभर व्हायब्रेटवर, उशाखाली. आणि घरातल्या कोणाला दवाखान्यात नेलंय म्हणून फोन येऊन गेलेले सकाळी दिसतात. फोन शांत झाला नाही तर फार तर साहेब ओरडतील. फोन शांतच राहिला तर काय होईल, याला सीमा नाही.

म्हणून माझा एक नियम आहे: जागेवर सुरू, वेळेवर बंद. ‘ऑफिस सोडलं की आवाज चालू’ हे हवं तर ठेवा, पण त्याच्या मागे एक घड्याळवालं ऑटोमेशन उभं करा. रोज संध्याकाळी साडेसहाला, काहीही झालेलं असो, आवाज पूर्ण चालू. याला जागेची अट नको, वाराचीही नको. जागा हा फोनचा अंदाज आहे, वेळ त्याला नक्की माहीत आहे. जी चूक महागात पडेल ती अंदाजाच्या हवाली करायची नाही.

आणि दिवसासाठी एक खिडकी उघडी ठेवा. ऑफिसात नुसतं शांत करण्याऐवजी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि त्यात घरच्यांचे नंबर आवडत्या यादीत टाकून त्यांना सूट द्या. त्याच सेटिंगमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॉलला सूट द्यायचाही पर्याय असतो. अँड्रॉइडवर एकाच नंबरवरून १५ मिनिटांत दुसरा कॉल आला तर फोन वाजतो. आयफोनवर ही मुदत ३ मिनिटांची आहे. घरी सांगून ठेवा, खरंच तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा लावा.

रात्रपाळीवाल्यांचा गुंता

माजरीत खाणीच्या पाळ्यांवर चालणारी घरं कमी नाहीत. पाळी बदलली की वेळही बदलते. त्यांनी सकाळी नऊ ते अकरा अशी अट लावली तर दुसऱ्याच आठवड्यात सगळं गळून पडतं.

उपाय असा की एकाच जागेसाठी प्रत्येक पाळीचं वेगळं ऑटोमेशन बनवायचं आणि चालू पाळीचंच सुरू ठेवायचं. पाळी बदलते त्या दिवशी एक बटण बंद, दुसरं चालू. हे हाताने करावं लागेल, पण आठवड्यातून एकदाच.

रात्रपाळीत एक छुपा खड्डा आहे. समजा तुम्ही अट टाकली, सोमवार ते शनिवार, रात्री ११ ते सकाळी ८. शनिवारी रात्री कामावर गेलात. बारा वाजले आणि फोनसाठी रविवार उजाडला. तुमच्यासाठी अजून शनिवारचीच पाळी चालू आहे, पण काही अॅप्स बाराच्या ठोक्याला म्हणतात, ‘आज रविवार, अट संपली’, आणि मीटिंगमध्ये किंवा विश्रांतीत फोन खणखणतो. तुमचं अॅप हे कसं धरतं ते आधी तपासा. शंका असेल तर वाराची अट काढून टाका आणि सुट्टीच्या दिवशी हाताने बंद करा. आणि हो, संध्याकाळी साडेसहाचं ते आवाज-चालू ऑटोमेशन तुमच्यासाठी पाळी सुटण्याच्या वेळेनंतर हवं. फक्त तुमच्या झोपेच्या मध्ये येईल असं ठेवू नका.

वेग वाढला की वर्तुळ पळून जातं

आता शीर्षकाकडे येतो. नागपूरहून रात्रीच्या गाडीने येताना डोळा लागतो आणि माजरी निघून जाते. कित्येकांना हा अनुभव आहे. मग फोनमध्ये जागेचा अलार्म लावायचा, स्टेशन आलं की वाजेल. इथे घड्याळाचा अलार्म कामाचा नाही, कारण गाडी कधी अर्धा तास उशिरा, तर कधी दोन तास. म्हणजे इथे जागाच हवी. पण कशी लावायची?

हिशेब करू. गाडी ताशी १०० किलोमीटरने धावतेय असं धरा. २०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे आरपार ४०० मीटर. न थांबणारी गाडी ते १४-१५ सेकंदांत पार करते. आणि फोन डोकावतो दोन-तीन मिनिटांनी. म्हणजे फोनने पाहिलं तेव्हा वर्तुळ आलं नव्हतं, पुन्हा पाहिलं तेव्हा मागे गेलं होतं. मधल्यामध्ये ते निसटलं. आपल्या स्टेशनवर गाडी थांबते हे खरं, पण अलार्म तिथे वाजून उपयोग काय? तोवर उतरायची वेळ झालेली असते.

३ मिनिटांच्या उशिरात गाडी ५ किलोमीटर पुढे जाते. उठून, चप्पल शोधून, बॅग काढून दारापर्यंत यायला ५ मिनिटं धरा, म्हणजे आणखी ८ किलोमीटर. त्यात लोखंडी डब्यात, वरच्या बर्थवर जीपीएसचा सिग्नल कमजोर, आणि मध्ये नेटवर्क गुल होणारे पट्टे. म्हणजे अलार्मची सुरुवात माजरीच्या १५ किलोमीटर आधीच व्हायला हवी.

त्यासाठी माजरीभोवती प्रचंड वर्तुळ काढण्यापेक्षा साधी युक्ती आहे. नागपूरकडून येताना माजरीच्या आधी वरोरा येतं. वर्तुळ वरोरा स्टेशनवर ठेवा, त्रिज्या ५ किलोमीटर. आरपार झाले १० किलोमीटर, म्हणजे शंभरच्या वेगानेही गाडी ६ मिनिटं त्यात राहणार. त्यामुळे फोनला डोकावायला निदान एक-दोन संधी मिळतात. बल्लारशाहकडून येत असाल तर हेच वर्तुळ चंद्रपूरवर ठेवा. माजरीसाठी थोडं लवकर होईल, पण उशिरापेक्षा बरं.

दोन गोष्टी आणखी. कृती म्हणून नोटिफिकेशन नको, खरा अलार्म निवडा. रात्री फोन व्हायब्रेटवर असला तरी अलार्मचा आवाज वेगळा असतो आणि तो वाजतो. आणि गाडी वेळेवर असेल तर वरोऱ्याला किती वाजता पोहोचते ते बघून एक घड्याळवाला अलार्मही लावून ठेवा. गाडी उशिरा असेल तर तो तुम्हाला उगाच उठवेल, एवढंच. मुद्दा परत तोच, एकट्या अंदाजावर स्टेशन सोडायचं नाही.

‘पोहोचलो’ हा शब्द जपून

शेवटचं. खूप जण विचारतात, पोहोचलो की आईला आपोआप मेसेज जाईल असं लावू का? लावा, पण मजकूर बदला. ५०० मीटरचं वर्तुळ म्हणजे मेसेज गेला तेव्हा तुम्ही अजून रस्त्यावर, गाडीवर असू शकता. ‘पोहोचलो’ असं वाचून घरचे निर्धास्त होतात, आणि ती खबर फोनने अंदाजाने दिलेली असते. त्यापेक्षा ‘माजरीजवळ आलोय’ असं लिहा, ते खरं आहे. आणि घरी हेही सांगा की एखाद्या दिवशी मेसेज आला नाही तर घाबरू नका, नेटवर्क नसेल. ‘पोहोचलो’ हे आपल्या तोंडानेच सांगायचं, फोन लावून.

तर मंडळी, या आठवड्याचं काम सांगतो. नवीन काही लावायच्या आधी, जे आधीपासून लावलंय त्याला ‘बंद कोण करणार?’ हा प्रश्न विचारा. उत्तर जागेवर अवलंबून असेल, तर त्यामागे आजच एक वेळेचं ऑटोमेशन उभं करा. तीन-चार दिवस नोटिफिकेशनची वेळ बघा आणि तुमच्या गावात तुमचा फोन किती मिनिटं उशिरा ‘पोहोचतो’ ते मला कळवा. गावाचं नाव आणि फोनचं मॉडेल दोन्ही लिहा. पुरेशी उत्तरं आली तर पुढच्या भागात त्यावरच बोलू. भेटूया!